घंटी, गाजर आणि काळी मोटारसायकल

मालिकेचं नाव विसरलेला माणूस तुम्हाला कथा सांगत नाही, वस्तू सांगतो. ‘एक मुलगा होता, तो घड्याळात बोलायचा’ किंवा ‘एक माणूस होता, सारखा गाजर खायचा’. पात्रांची नावं गेलेली असतात, वाहिनी आठवत नाही, शेवट काय झाला हे तर मुळीच नाही. गाजर मात्र राहिलेलं असतं.

मी मालिकांच्या प्रॉपर्टी विभागात बरीच वर्षं काढली. चित्रीकरणात ज्या वस्तू लागतात त्या आणायच्या, सांभाळायच्या आणि पुढच्या शॉटला त्याच जागी, त्याच अवस्थेत ठेवायच्या, हे आमचं काम. पुढे पाय दुखायला लागले आणि मी टेबलावरच्या कामाकडे वळलो. जुन्या मालिकांवरचे कार्यक्रम, प्रश्नमंजूषा, माहितीपट असं काही कुणी करत असलं की जुनी दृश्यं शोधून द्यायची. त्यातून लोकांचे फोन सुरू झाले. ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी नंबर घेतं आणि विचारतं, “दादा, ती मालिका कुठली हो, जिच्यात सायकलची घंटी वाजवून खून व्हायचा?”

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण या कामातला पहिला धडा त्यातच आहे. असा प्रश्न आला की मी आधी एवढंच विचारतो, “घंटी दर भागात होती, की एकदाच?” विचारणारा जरा घुटमळतो आणि म्हणतो, “एकदाच असावी.” म्हणजे ती मालिकेची वस्तू नव्हे, एका भागाची वस्तू. हा फरक झाला की शोधाची दिशाच बदलते. दर भागात दिसणारी वस्तू पात्राची असते, ती पात्राच्या नावाखाली शोधायची. एकदाच दिसलेली वस्तू कथेची असते, ती शोधायला कथेकडे जावं लागतं. घंटीचं उत्तर आहे १९९३ सालची दूरदर्शनवरची ‘ब्योमकेश बक्शी’. बासू चटर्जींनी केलेली, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर काँटा’ या कथेत भर रस्त्यात माणसं कोसळतात आणि त्यांच्या छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. ती पिन सुटते सायकलच्या घंटीतून, आणि घंटीच्या आवाजात पिन सुटल्याचा आवाज लपतो. हत्यार आणि हत्याराचा आवाज झाकायची सोय एकाच वस्तूत! प्रॉपर्टीवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर याहून स्वस्त आणि याहून चोख वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

पण घंटीवरून मालिका शंभर टक्के ठरत नाही. तीच कथा बंगालीतही पडद्यावर आली आहे. म्हणून दुसरा प्रश्न येतो, “भाषा कुठली होती? घरी कोणकोण बसून बघत होतं?” आईवडील, शेजारी, सगळी आळी असं उत्तर आलं की दूरदर्शन. मोबाइलवर एकट्यानं पाहिल्याची आठवण असेल तर आणखी खोलात जायचं. लोकांना मालिकेचं साल कधीच आठवत नाही, पण आपण तेव्हा कुठल्या घरात राहत होतो हे आठवतं. मला तेवढं पुरतं.

आता ती काळी मोटारसायकल. हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण वस्तूची आठवण कुठे खरी असते आणि कुठे फसवते, हे त्यात स्वच्छ दिसतं.

इचलकरंजीहून एका गृहस्थांचा फोन आला. चाळिशी ओलांडलेले, स्वतःचे यंत्रमाग असलेले. म्हणाले, “लहानपणी एक इंग्रजी मालिका लागायची. काळी मोटारसायकल. ती बोलायची. पुढं लाल दिवा इकडून तिकडं फिरायचा. भावाशी पैज लागलीय, तो म्हणतो अशी मालिकाच नाही.” भाऊही शेजारीच बसलेला असावा. मागून आवाज येत होता, “गाडी होती रं ती, कार!”

खरं सांगायचं तर ते जशी सांगत होते तशी मालिका नाहीच. पण भाऊही बरोबर नव्हता. असं काही ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे दोन-तीन नावं लगेच येतात. ती मात्र तोंडातून बाहेर काढायची नाहीत, हा नियम. आपण नाव उच्चारलं की समोरच्याची आठवण त्या नावाच्या मागे धावते, आणि मग तो जे सांगेल ते त्याचं राहत नाही. म्हणून मी फक्त वस्तू काय करायची ते विचारत गेलो.

“ती मोटारसायकल काय करायची?”

“पळायची. भन्नाट. रस्त्यावरचं सगळं मागं जायचं, रेघा दिसायच्या.”

“ती बोलायची म्हणता, तेव्हा पडद्यावर काय दिसायचं? मोटारसायकल दिसायची, की कुणाचा चेहरा?”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “एक माणूस दिसायचा. खोलीत बसलेला. समोर यंत्रं, पडदे. तो घाबरायचा, आणि हा गाडीवरचा ऐकायचा नाही.”

इथे मालिका ठरली. ‘स्ट्रीट हॉक’. अमेरिकेत १९८५ साली आलेली, अवघ्या १३ भागांची मालिका. तिकडे ती पहिल्याच हंगामात बंद पडली. आपल्याकडे दूरदर्शनवर आली आणि एका पिढीच्या डोक्यात जाऊन बसली. जेसी माक नावाचा पोलीस, पूर्वी मातीच्या शर्यतींत मोटारसायकल पळवणारा, पाय जायबंदी झाल्यामुळे कचेरीत बसवलेला. नॉर्मन टटल नावाचा अभियंता त्याला गुपचूप एक प्रायोगिक मोटारसायकल चालवायला देतो. नेहमीचा वेग पुरेनासा झाला की ‘हायपरथ्रस्ट’, म्हणजे ताशी ३०० मैल. खोलीत बसलेला घाबरट माणूस तो हाच नॉर्मन. आवाज त्याचा, आणि तो जेसीच्या हेल्मेटमध्ये ऐकू यायचा. प्रेक्षकाच्या कानाला मात्र तो मोटारसायकलमधून आल्यासारखा वाटणार. आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजी फारसं कळत नसताना, गाडीवरच्या माणसाचं तोंड हेल्मेटमध्ये झाकलेलं असताना, मोटारसायकलच बोलतेय असं वाटलं तर त्यात नवल काय?

लाल दिवा मात्र दुसऱ्या घरचा. तो ‘नाइट रायडर’मधल्या किट या मोटारीचा. किट म्हणजे १९८२ च्या पाँटिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम मोटारीवर केलेली काळी गाडी. बॉनेटच्या टोकाला लाल दिव्यांची पट्टी, उजेड डावीकडून उजवीकडे आणि परत. ही गाडी खरोखरच बोलायची. आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नसायचं. तेही त्याच्या स्वतःच्या इच्छेनं. दिव्याची मौज अशी की मालिकेचा निर्माता ग्लेन लार्सन. त्याच्याच १९७८ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये सायलॉन नावाच्या यंत्रमानवांच्या डोळ्यांच्या जागी असाच लाल उजेड सरकत असे. म्हणजे एकच दिवा दोन मालिकांत. उद्या कुणी “लाल दिवा सरकायचा” एवढंच सांगितलं तर मी लगेच नाइट रायडर म्हणणार नाही. दिवा मोटारीला होता की शिरस्त्राणाला, हे विचारेन.

तर इचलकरंजीच्या त्या भावांपैकी एकाला स्ट्रीट हॉक आठवत होतं, दुसऱ्याला नाइट रायडर, आणि तीसेक वर्षं घरात गप्पा मारता मारता दोघांनी मिळून एक तिसरीच मालिका तयार केली होती. मी त्यांना काही चित्रं पाठवली. स्ट्रीट हॉकची मोटारसायकल, किट, ‘एअरवुल्फ’मधलं हेलिकॉप्टर, आणि एक अशी मोटारसायकल जी कुठल्याच मालिकेत नव्हती. खाली नाव काही लिहिलं नाही. पोलीस ओळखपरेड करतात तशी. एकच चित्र पाठवून “हीच का?” विचारलं तर माणूस “हो” म्हणतो, आणि त्या “हो”ला काही किंमत नसते. थोरल्यानं स्ट्रीट हॉकची मोटारसायकल उचलली, धाकट्यानं किट. पैज कोण जिंकलं ते मी विचारलं नाही.

या प्रकरणातून मला एक गोष्ट पुन्हा पटली, आणि ती मी आधीपासूनच मानत होतो. वस्तू काय करत होती, ही आठवण टिकाऊ असते. वस्तू कशी दिसत होती, ही आठवण कच्ची असते. रंगाची तर सर्वांत कच्ची. आपल्या देशात दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं, पण गावागावांत, चाळीचाळींत काळे-पांढरे संच नव्वदीतही होते. ज्यानं किटचा दिवा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाहिला त्याला तो लाल कसा आठवतो? पुढे कधीतरी भित्तिपत्रकात, वहीच्या वेष्टनावर, रंगीत संचावर पाहिलेला लाल रंग मागे जाऊन आठवणीत बसतो. म्हणून कुणी मला “हिरवी जीप” म्हटलं की मी आधी विचारतो, “घरी रंगीत टीव्ही होता का?” नव्हता असं उत्तर आलं की ‘हिरवी’ खोडायची आणि ‘जीप’ ठेवायची.

वस्तू काय करते यावर भरवसा का ठेवावा हे मला प्रॉपर्टीच्या खोलीत कळलं. एका मालिकेत आमच्या नायकाकडे जुनी बजाज चेतक होती. भाड्यानं आणलेली. मालिका चालू असतानाच मालकानं स्कूटर विकून टाकली. आम्ही दुसरी आणली. रंग जवळपासचा, पण आरसा दुसऱ्या बाजूला आणि सीटचं कव्हर वेगळं. दिग्दर्शक हवालदिल झाला, मी तीन रात्री धड झोपलो नाही. प्रेक्षकांकडून एकही पत्र आलं नाही. मात्र त्या नव्या स्कूटरचं इंजिन चांगलं असल्यामुळे नटानं एका दृश्यात ती न कलंडवता थेट किक मारली, आणि लोक बोलायला लागले. कारण आधीची स्कूटर तो नेहमी एका अंगाला कलती करायचा, क्षणभर थांबायचा, मग किक मारायचा. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना हा सोपस्कार ओळखीचा. स्कूटर बदलली ते कुणाला दिसलं नाही, तिच्याशी वागण्याची रीत बदलली ती सगळ्यांना दिसली. त्यानंतर नटाला मी स्कूटरबरोबर सूचनाही देत असे, “आधी कलंडव, मग किक.”

‘करमचंद’ची गोष्टही हीच. १९८५ ची मालिका, पंकज पराशर यांचं दिग्दर्शन, पंकज कपूर यांचा खासगी गुप्तहेर. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गाजर, शेजारी सुश्मिता मुखर्जींची किटी. (हो, इथेही किटी. नाइट रायडरच्या किटशी तिचा गोंधळ घालणारेही भेटलेत, पण ते विरळा.) गुप्तहेर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाइप किंवा सिगरेट यायची. तिथे गाजर आलं आणि ते कायमचं राहिलं. गाजर विनोदी होतं म्हणून नव्हे. ते चावलं जायचं, आवाज करायचं, संपायचं, आणि तो ते चावत असताना बाकीच्यांना थांबावं लागायचं. वस्तूनं दृश्याचा वेळ स्वतःच्या हातात घेतला की ती आठवणीत राहते. काळा चष्मा शेकडो पात्रांना असतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

आमच्या खात्याला खाण्याची वस्तू म्हणजे डोकेदुखी. एक शॉट समोरून, एक बाजूनं, एक जवळून. तिन्हींत गाजर तेवढंच खाल्लेलं दिसलं पाहिजे. त्यासाठी सारख्या जाडीची ढीगभर गाजरं आणायची, प्रत्येक टेकनंतर फोटो काढायचा, नवं गाजर तेवढंच चावून नटाच्या हातात द्यायचं. एका दिग्दर्शकाला ‘करमचंदसारखं काहीतरी’ हवं होतं, तेव्हा मी शेंगदाणे सुचवले. मुठीत किती उरलेत हे कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यानं ऐकलं, चित्रीकरण झटपट झालं, आणि आज ते पात्र कुणालाही शेंगदाण्यांवरून आठवत नाही. आमची सोय झाली, पण पात्राला वस्तू मिळाली नाही.

दूरदर्शनवरच्या ‘जायंट रोबोट’चं घड्याळ याच कारणानं टिकलं. १९६७-६८ ची ही जपानी मालिका २६ भागांची. तिचा इंग्रजी अवतार आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आला. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि भलामोठा यंत्रमानव उडत येतो. “घड्याळात बोलायचा” यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला, “बोलणारा मुलगा होता की मोठा माणूस?” मोठा असेल तर पुन्हा नाइट रायडर, कारण तिचा नायक मायकेल नाइटही मनगटावरच्या घड्याळातून किटला हाक मारायचा. मुलगा असेल तर यंत्रमानवाचं डोकं कसं होतं ते विचारायचं. इजिप्तच्या राजांच्या पुतळ्यांसारखं, असं वर्णन आलं की पुढे काही विचारावं लागत नाही. आणि कधीकधी तर दुसरा प्रश्नसुद्धा लागत नाही. मोगलीच्या हातात बूमरँग होतं असं कुणी म्हटलं की ती १९८९ ची जपानी ‘जंगल बुक’, आपल्याकडे १९९३ साली रविवारी सकाळी लागणारी. किपलिंगच्या पुस्तकात बूमरँग नाही, डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटातही नाही.

ही रीत जिथे चालत नाही त्या जागाही सांगायला हव्यात. पोलिसांची जीप, टेबलावरचा काळा फोन, न्यायाधीशाचा हातोडा, सासूच्या कमरेला चाव्यांचा जुडगा. या वस्तू सगळ्या मालिकांच्या सामाईक. “शिवाजी साटम होते, जीप होती, गुन्ह्याचा तपास होता” एवढ्यावर लोक ‘सीआयडी’ म्हणून मोकळे होतात. पण ‘सीआयडी’ १९९८ ची. तिच्या आधी बी. पी. सिंग आणि साटम यांची जोडी मुंबई दूरदर्शनवरच्या मराठी ‘एक शून्य शून्य’मध्ये जमली होती. तेच दिग्दर्शक, तोच नट, तोच गुन्ह्याचा तपास. वस्तू इथे हात टेकते. भाषा विचारावी लागते, आणि मालिकेचं नावच पोलिसांचा फोन क्रमांक होता हे आठवतं का, ते पाहावं लागतं.

आणि खरी अडचण मराठी मालिकांचीच आहे. स्ट्रीट हॉकच्या १३ भागांतला कुठलाही भाग आज लावून खात्री करता येते. मोटारसायकलच्या कवचाखाली होंडाच्या ५०० सीसीच्या मातीत पळवायच्या गाड्या होत्या इथपर्यंत तिकडच्या लोकांनी नोंदी ठेवल्यात. आपल्याकडे ऐंशी-नव्वदीतल्या मुंबई दूरदर्शनच्या अनेक मालिकांचं एखादं दृश्य मिळवायलाही महिने जातात, आणि कधी मिळतही नाही. त्या काळी टेप महाग, एकाच टेपवर पुन्हा चित्रीकरण व्हायचं. अशा मालिकेविषयी कुणी वस्तू सांगितली की मी उत्तर देतो, पण ‘बहुधा’ लावून देतो. दृश्य डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायला नाव देत नाही. त्यावरून निर्मात्यांशी माझे खटके उडालेत, पण एकदा छापलेलं चुकीचं नाव पुढच्या प्रत्येक लेखात उतरत जातं, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या कॅसेटींच्या मागे घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस टेप असतील तर टाकू नका. सामन्याच्या किंवा गणपतीच्या चित्रणानंतर पुढे तशीच चालू राहिलेली टेप असेल तर तिच्यावर मालिकेचे तुकडे, जाहिराती, निवेदिकेची घोषणा असं काहीही असू शकतं. टेपच्या खिडकीतून आत पांढरट बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. टेप खराब होईल आणि यंत्राचं हेडही घाण होईल, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. बुरशी नसेल तर टेपच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी आधी मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग ती डिजिटल करून घ्या, आणि वेष्टनावर मालिकेचं नाव माहीत नसेल तर नका लिहू. त्यात कुठली वस्तू दिसते आणि ती काय करते, तेवढं लिहा.